नावात गिरणी, पोटात जागा

नमस्कार मंडळी, नाशिककर श्रोतेहो. आज कंपनीच्या पाटीबद्दल बोलायचंय. आपल्याकडे एखादी टॉकीज बंद होऊन वर्षं झाली तरी रिक्षावाल्याला आपण टॉकीजचंच नाव सांगतो आणि तो बरोबर नेऊन सोडतो. पत्त्यासाठी जुनं नाव चालतं. पण शेअर घेताना-विकताना ते चालत नाही, आणि हे मला माझ्या मामांमुळे कळलं. ती गोष्ट आधी सांगते, बाकीचं नंतर.

मामा म्हणजे मालेगावचे. यंत्रमागवाल्यांना सूत विकण्यात त्यांची पस्तीस वर्षं गेली, आता इंदिरानगरला मुलाकडे असतात. कापड दोन बोटांत चुरगाळून ते आजही काउंट, म्हणजे सूत किती बारीक ते सांगतात, आणि सहसा चुकत नाहीत. त्यांच्याकडे एका जुन्या मुंबईच्या गिरणी कंपनीचे चारशे शेअर होते, आजोबांनी घेतलेले. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. शेअर केव्हाच डिमॅट झालेले, पण एक जुना कागदी दाखला मामांनी फ्रेम करून भिंतीवर लावलाय. त्यावर धुराडं छापलंय, खाली गिरणीची लांबच लांब कौलारू शेड. मामी रोज पुसते त्याची काच.

2022 चा मे महिना. आठवत असेल तर बघा, तेव्हा कापूस खंडीला एक लाखाच्या वर गेला होता. खंडी म्हणजे 356 किलो, हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. मामा बेचैन. सकाळी सहाला फोन करून मालेगावचे भाव विचारायचे. आणि एक दिवस त्यांनी चारशेच्या चारशे शेअर विकून टाकले. का, तर म्हणाले, "पोरी, कापूस लाखावर गेला की गिरणी मेली. सूत महागतं, पण कापडाचा भाव तेवढा चढत नाही, मधल्यामध्ये गिरणी पिळून निघते. हे मला कुणी शिकवायला नको."

आणि मंडळी, ते शंभर टक्के बरोबर बोलत होते! सुताच्या गिरणीबद्दल. फक्त ती कंपनी आता सुताची गिरणी राहिलेली नव्हती.

मी ऑडिटच्या कामात वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे कंपनीचं नाव ऐकलं की हात आपोआप वार्षिक अहवालाकडे जातो. रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा लॅपटॉपच घेऊन गेले. (एक मध्येच सांगते, कंपन्यांनी छापील अहवाल घरी पाठवणं जवळजवळ बंद केलं हे मला अजिबात पटत नाही. सत्तरीच्या माणसाने मोबाइलवर तीनशे पानं बोटाने मोठी करकरून वाचायची? छापील मागता येतो म्हणतात, पण किती जण मागतात? माझे मामा पेन्सिल घेऊन वाचणारे आहेत, तो कागद घरी आला असता तर त्यांना वेळेवर दिसलं असतं असं मला मनापासून वाटतं.) असो.

तर जेवणं झाली, मामीने पानं उचलली, आणि मी मामांसमोर एकच पान उघडलं. अहवालाच्या मागच्या भागात, टिपांमध्ये असतं ते. नाव "सेगमेंट". म्हणजे कंपनीचे वेगवेगळे धंदे आणि प्रत्येकाचा वेगळा हिशोब. आकडे मी तुमच्यासाठी गोल करून सांगते.

पहिली ओळ विक्रीची. कापड 600 कोटी, जागा म्हणजे इमारती आणि भाडं मिळून 300 कोटी. मामा लगेच म्हणाले, "बघ, दोन तृतीयांश कापडच आहे की." मी म्हटलं थांबा मामा, खालची ओळ बघा.

दुसरी ओळ नफ्याची. कापड 12 कोटी. जागा 140 कोटी.

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पेन्सिलीने माझ्या वहीत स्वतः भागाकार केला. शंभर रुपये नफा असेल तर ब्याण्णव रुपये जागेचे, आठ रुपये कापडाचे.

तिसरी ओळ, पैसा कुठे गुंतलाय त्याची. कापडात 400 कोटी, जागेत 1700 कोटी.

आता हिशोब करा. कापूस महागून कापडाचा सगळाच्या सगळा नफा गेला असता, पार शून्य झाला असता, तरी कंपनीच्या शंभर रुपयांतले आठ रुपये गेले असते. मामांनी त्या आठ रुपयांच्या भीतीने सगळं विकलं होतं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग भिंतीवरच्या फ्रेमकडे बघून म्हणाले, "म्हणजे ह्या धुराड्याखाली आता फ्लॅट आहेत." पुढे भाव वाढला म्हणून मी हे सांगत नाहीये. भाव पडला असता तरी विकण्याचं कारण चुकीचंच होतं. कापसातला एवढा जाणकार माणूस, आणि त्याचं सगळं ज्ञान भलत्याच धंद्याला लावलं गेलं, मला त्याचं वाईट वाटतं.

आता हे होतं कसं ते थोडक्यात सांगते, वेळ संपत आलाय.

1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर बऱ्याच गिरण्या उभ्या राहिल्याच नाहीत. पण गिरणी बसली तरी जागा होती, आणि ती लोअर परळ, वरळीला. लोअर परळची फिनिक्स मिल 1905 ची, आज तिथे मॉल आहे, आणि कंपनीचं नाव अजूनही द फिनिक्स मिल्स लिमिटेडच आहे. प्रत्येक कंपनीला सरकारदरबारी एक एकवीस अक्षरांचा ओळख क्रमांक असतो, फिनिक्सचा आहे L17100MH1905PLC000200. त्यात पहिल्या L नंतर जे पाच आकडे आहेत तो उद्योगाचा कोड. सुरुवातीचे 17 म्हणजे उद्योगांच्या जुन्या यादीप्रमाणे कापड. आणि गंमत नाही, खरंच सांगते, 2008 च्या नव्या यादीत 17 म्हणजे कागद! कापड 13 वर गेलं. म्हणजे तो कोड आज कुणी नव्या यादीवरून वाचला तर मॉलवाली कंपनी त्याला कागद कारखाना वाटेल. म्हणून त्या क्रमांकावरून धंदा ओळखायला जाऊ नका. स्टॉक एक्स्चेंज मात्र वेगळं वर्गीकरण करतं, तिथे फिनिक्स रिअल इस्टेटमध्येच येते. एकाच कंपनीला दोन ठिकाणी दोन लेबलं.

काही कंपन्या नाव बदलतात. सेंच्युरी टेक्स्टाइल्स 1897 ची, ती 2024 मध्ये आदित्य बिर्ला रिअल इस्टेट झाली. पण नाव नेहमी मागून येतं. नव्या धंद्याचं नाव लावायचं तर सेबीचा एक नियम साधारण असा आहे की मागच्या एका वर्षात निम्मं उत्पन्न त्या धंद्यातून आलेलं पाहिजे, किंवा मग मालमत्तेच्या निम्म्याइतका पैसा त्यात घातलेला पाहिजे. नियम चांगलाच आहे, कुणीही उठून फॅशनचं नाव लावू नये म्हणून. पण त्यामुळे पाटी धंद्याच्या मागे मागे चालते.

म्हणून परत सांगते, तीन ओळी. विक्री, नफा, गुंतलेला पैसा. विक्री, नफा, गुंतलेला पैसा. लेबल बहुतेक वेळा विक्रीवरून लागतं, आणि कापडासारख्या धंद्यात विक्री मोठी आणि नफा पातळ असतो, म्हणून तिन्ही ओळी वेगळं बोलायला लागल्या की समजायचं, लेबल जुनं झालंय.

पण नफ्याच्या ओळीलाही भुलू नका बरं का. फ्लॅट विकणारी कंपनी बुकिंगचे पैसे आज घेते, पण हिशोबात ती विक्री सहसा ताबा देताना धरतात. म्हणजे तीन वर्षं काहीच दिसणार नाही आणि चौथ्या वर्षी टॉवर पूर्ण झाला की एकदम डोंगर. तोवर ग्राहकांचे पैसे आगाऊ रक्कम म्हणून देण्यांच्या बाजूला पडून असतात. अशा कंपनीचा एका वर्षाचा पी-ई, म्हणजे शेअरचा भाव नफ्याच्या किती पट ते, काढून तो कापड कंपनीच्या पी-ईशेजारी ठेवणं म्हणजे द्राक्षबागेचा हिशोब जूनमध्ये करण्यासारखं, माल तर मार्चलाच निघून गेलेला असतो. निदान पाच वर्षांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवा, आणि गुंतलेल्या पैशाच्या ओळीवर जास्त भरवसा ठेवा, ती हळू बदलते. आणि कंपनीने जमिनीचा एखादा तुकडा एकदाच विकला असेल, तर तो नफा सहसा "अपवादात्मक बाब" म्हणून वेगळा दाखवलेला असतो. तो धंदा नव्हे, घरातलं सोनं एकदा विकल्यासारखं आहे ते.

जमिनीची किंमतही ताळेबंदात शोधू नका, तिथे बहुतेक वेळा जुन्या खरेदीचाच आकडा बसलेला असतो. पण जी जागा भाड्यासाठी ठेवलीय तिची आजची अंदाजे किंमत टिपांमध्ये द्यावी लागते. "गुंतवणूक मालमत्ता" ही टीप. ती बघा.

मामा आता दर नव्या अहवालात आधी मागची पानं उघडतात. परवा रात्री साडेनऊला फोन, "अगं, ह्या दुसऱ्या गिरणीचं पान सापडलं, पण इथे लिहिलंय एकच धंदा, कापड. आणि पेपरात तर त्यांच्या टॉवरची जाहिरात आहे." मी विचारलं, मामा, पानावर वर काय लिहिलंय, स्टँडअलोन की कन्सॉलिडेटेड, म्हणजे एकट्या कंपनीचा हिशोब की उपकंपन्या धरून सगळ्यांचा? म्हणाले स्टँडअलोन. म्हटलं, टॉवर उपकंपनीत असणार, बरेच जण जागेचा धंदा वेगळ्या उपकंपनीत ठेवतात, कन्सॉलिडेटेडचं पान काढा, साधारण ऐंशी-शंभर पानं पुढे असेल. फोन चालू ठेवूनच पानं उलटत होते, मुलाने छापून आणून दिलं होतं त्यांना, कागदाचा आवाज येत होता. मग म्हणाले, "सापडलं. थांब, पेन्सिल घेतो."