शाळेचा हॉल मागणारं पत्र

श्रोतेहो, नमस्कार.

भरतकाम, क्रोशे, कापडी पिशव्या, शोभेच्या वस्तू असं काहीतरी हाताशी पक्कं बसलेलं असतं. आजूबाजूच्या चारजणी म्हणतात, आम्हालाही शिकवा. घरात एवढ्या जणींना बसायला जागा नसते. शाळेचा हॉल मात्र संध्याकाळी मोकळा असतो. मग एखादी गृहिणी मुख्याध्यापकांना पत्र लिहायला बसते. आजचं बोलणं त्या पत्राबद्दल आहे. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून मी अशी पत्रं वाचली आहेत आणि त्यातली बरीचशी पुढे का सरकत नाहीत हे मला चांगलं ठाऊक आहे.

ही पत्रं बहुतेक वेळा सुरेख अक्षरात लिहिलेली असतात. कलेची आवड कधीपासून आहे, बायकांना आणि मुलांना तिचा किती उपयोग होईल, हे त्यांत मनापासून मांडलेलं असतं. शेवटी एक ओळ येते : तरी कृपया संध्याकाळी हॉल द्यावा, योग्य ते भाडे देण्यात येईल. मुख्याध्यापक हे वाचतात, त्यांना ते आवडतंही, आणि पत्र टेबलावर पडून राहतं. कारण हॉल त्यांच्या मालकीचा नसतो. तो बाहेरच्या कुणाला द्यायचा तर शाळेच्या व्यवस्थापनाला विचारावं लागतं. ती मंडळी पत्र लिहिणारीला ओळखत नाहीत. त्यांच्यापुढे फक्त तो कागद जातो. ती विचारतात, किल्ली कुणाकडे राहणार? दिवे कोण बंद करणार? काही मोडलं तर? परीक्षा आली तर? कागदात उत्तर नसेल, तर मुख्याध्यापकांना स्वतःच्या जबाबदारीवर उत्तर द्यावं लागतं. ती जबाबदारी कोण घेईल? त्यापेक्षा ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणणं सोपं.

म्हणून पत्र असं लिहा, की मुख्याध्यापकांना ते एक शब्दही न बदलता बैठकीत ठेवता येईल.

सुरुवात विषयाच्या ओळीपासून करू. ‘हॉल मिळण्याबाबत’ एवढं पुरत नाही. ‘आठवड्यातून दोन संध्याकाळी हस्तकला वर्गासाठी शाळेचे सभागृह तीन महिन्यांकरिता भाड्याने मिळण्याबाबत’ असं लिहिलं, की काय, किती आणि कधीपर्यंत हे पहिल्या नजरेतच कळतं. त्यातले ‘तीन महिने’ फार कामाचे आहेत. कायमचा होकार द्यायला कुणीही कचरतं, तीन महिन्यांचा होकार मात्र देता येतो. वर्ग नीट चालला तर मुदत वाढवून मागता येते, आणि तेव्हा तीन महिन्यांचं काम तुमच्या बाजूनं बोलत असतं.

त्यानंतर वेळ. इथे एक गोष्ट हमखास सुटते. वर्ग साडेपाच ते साडेसात असेल, तर हॉल सव्वापाच ते पावणेआठ लागतो. सतरंज्या घालायच्या, टेबलं सरकवायची, सगळं झाल्यावर झाडून पूर्ववत करायचं. पत्रात अडीच तासच लिहा आणि भाडंही अडीच तासांचं द्या. साडेसात लिहून रोज पावणेआठ वाजवले, तर शिपायाची पाव तासाची कुरकुर पंधरवड्यात मुख्याध्यापकांच्या कानावर जाते, आणि वर्ग बंद पडायला तेवढं पुरतं. त्याच परिच्छेदात एक वाक्य घाला : ‘परीक्षा, स्नेहसंमेलन वा शाळेच्या कोणत्याही कार्यक्रमासाठी सभागृह लागल्यास शाळेला प्राधान्य राहील, आदल्या आठवड्यात कळवल्यास मी वर्ग रद्द करीन.’

आता त्या हॉलमध्ये तुम्ही काय करणार ते लिहा, आणि इथे निवड जपून करा. संध्याकाळचा हॉल दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला जसाच्या तसा परत हवा असतो. माती, ओले रंग, रेझिन हे सगळं सुकायला ठेवावं लागतं, धुवायला पाणी आणि मोरी लागते, आणि फरशीवर डाग राहतात. म्हणून पहिल्या तीन महिन्यांसाठी कोरडी कामं घ्या. भरतकाम, क्रोशे, कापडी वस्तू, कागदकाम. पिशवीतून येतं, पिशवीतून परत जातं. इस्त्री किंवा गरम गोंदाची ग्लू गन लागणार असेल, तर ती एका वेळी एकच चालेल आणि खाली जाड कापड अंथरलेलं असेल, असं स्पष्ट लिहा. एकाच बोर्डावर चारपाच गरम होणारी उपकरणं लावली, तर जुनं वायरिंग तापतं. ही काळजी व्यवस्थापनातल्या कुणाला ना कुणाला असतेच.

पण कोरड्या कामातही एक धोका आहे, आणि तो बहुतेकींच्या पत्रात नसतो. तो म्हणजे सुई. संध्याकाळी बारा जणी भरतकाम करून उठतात आणि एक सुई सतरंजीच्या कडेला राहून जाते. सतरंजी झटकली, की ती फरशीवर पडते. सकाळी त्याच फरशीवर लहान मुलं मांडी घालून बसतात. झाडूनं सुई निघतेच असं नाही, फरशीच्या सांध्यात ती आडवी बसते आणि झाडू वरून निघून जातो. यावर उपाय सोपा आहे. सुया शिकणाऱ्यांनी घरून आणायच्या नाहीत, वर्गातल्याच वापरायच्या. कापडाच्या एका पट्टीवर सुया ओळीनं टोचून ठेवायच्या, देताना मोजायच्या, घेताना मोजायच्या. एक कमी भरली, तर ती सापडेपर्यंत कुणी उठायचं नाही. मोडली असेल तर दोन्ही तुकडे जमा झाले पाहिजेत. शेवटी काठीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून आणि सतरंजीवरून फिरवायचं. हे तीनचार ओळींत पत्रात लिहा. मी त्या खुर्चीत असताना अशा चार ओळी कुणी लिहिल्या असत्या, तर पुढचं पत्र वाचायच्या आधीच माझं मन वळलं असतं. ज्या बाईनं सुईचा विचार केला आहे, ती किल्लीही सांभाळेल.

किल्लीबद्दल माझं मत असं आहे, की ती मागूच नका. हॉल उघडायला आणि बंद करायला शाळेचाच माणूस असू द्या आणि त्याच्या जादा वेळाचा मोबदला तुम्ही द्या, तोही शाळेच्या कार्यालयामार्फत. परस्पर हातात पैसे दिले, की पुढे गैरसमज होतात आणि त्याचीही अडचण होते. पहिल्या दिवशी कार्यालयातल्या कुणाला तरी बरोबर घेऊन हॉल पाहा. कोणती खुर्ची आधीच मोडकी आहे, कोणता पंखा चालत नाही, कोणत्या खिडकीची काच तडकलेली आहे, ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा. ‘यापलीकडे नुकसान झाल्यास भरपाई माझी’ हे वाक्य तुम्ही मग निर्धास्तपणे लिहू शकता.

भाड्यावर मात्र जरा थांबू या, कारण संकोचापोटी बायका इथे गप्प राहतात. ‘योग्य ते भाडे’ म्हणजे किती, हे दुसऱ्यानं ठरवायचं असं होतं, आणि मग मोठ्या समारंभांसाठी जो दर असतो तोच लागतो. घरी आधी हिशेब करा. रकमेऐवजी वाट्यांत सांगते, म्हणजे कुणालाही आपापले आकडे घालता येतील. एका शिकणारीची महिन्याची फी म्हणजे एक वाटा. बारा जणी आल्या, तर महिन्याला बारा वाटे जमले. प्रत्येकीच्या सामानाला पाव वाटा लागतो, म्हणजे तीन वाटे गेले. शिपायाच्या जादा वेळाचा एक. भाडं चार वाटे धरलं, तर तुमच्या हातात चार उरतात. ठीक आहे. आता सातच जणी आल्या असं धरा. सात वाट्यांतून सामानाचे पावणेदोन, शिपायाचा एक आणि भाड्याचे चार गेले, की उरतो पाव वाटा. सहा आल्या, तर तुम्हाला पदरचे घालावे लागतील. म्हणजे सात ही तुमची तळाची रेघ. हा आकडा पत्रात लिहायचा नाही, पण तो माहीत नसताना भाड्याला होकारही द्यायचा नाही.

यावर पुष्कळजणी सुचवतात, की फीचा तिसरा हिस्सा शाळेला देते. कमी आल्या तर भाडंही कमी, ऐकायला न्याय्य वाटतं. पण मग दर महिन्याला किती जणी आल्या हे शाळेनं तपासायचं का? त्यात शाळा तुमच्या धंद्यात भागीदार असल्यासारखी दिसते, आणि व्यवस्थापन तिथेच बिचकतं. मी ताशी ठरावीक दर सुचवीन, आणि भाडं जितका वेळ हॉल प्रत्यक्ष वापरला तितक्याच वेळाचं. आठवड्याचे पाच तास, महिन्याचे साधारण वीस. परीक्षेमुळे दोन वर्ग बुडाले, तर पंधराच तासांचं भाडं. शाळेला पावती फाडायला सोपं, आणि हॉल मिळाला नाही त्या दिवसाचे पैसे तुमच्याकडून जात नाहीत. दर तुम्ही स्वतः लिहा, तळाच्या रेघेपासून थोडं अंतर ठेवून. समोरून थोडी वाढ मागितली जाणारच. वीज त्यात धरली आहे की वेगळी, तेही लिहा.

वर्गाला लहान मुलं येणार असतील, तर आणखी दोन गोष्टी हव्यात. शेवटचं मूल पालकांच्या हाती गेल्याशिवाय तुम्ही फाटक सोडणार नाही, ही एक. आणि हा वर्ग शाळेचा नाही, हे जाहिरातीत व फीच्या पावतीवर छापलेलं असेल, ही दुसरी. नाहीतर पालकांना वाटतं, शाळेनंच नवी फी काढली, आणि ते जाब विचारायला मुख्याध्यापकांकडे जातात.

स्वतःबद्दल थोडं लिहा, अगदी थोडं. काय येतं, कुणाला शिकवलं आहे, आणि दोन नमुने सोबत जोडले आहेत. नमुन्यांपैकी एक अर्धवट ठेवा, टाके उलट्या बाजूनं दिसतील असा. जाणकार डोळा भरतकाम मागून पाहतो.

पत्र एका पानात बसलं पाहिजे. सुयांची आणि सामानाची यादी वेगळ्या कागदावर जोडा. दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर कार्यालयाचा शिक्का व तारीख घ्या. मुख्याध्यापकांनी भेटायला बोलावलं, तर बैठक कधी आहे ते विचारा आणि त्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा जा. होकार तोंडी मिळाला, तरी वर्गाची तारीख जाहीर करू नका. दर, दिवस, वेळ, मुदत आणि कुणाही एकाला थांबायचं असल्यास एक महिन्याची पूर्वसूचना, एवढं लिहिलेलं आणि सही झालेलं पत्र हातात आलं, की मग नावं घ्यायला सुरुवात करा.

नमस्कार.