स्लाइडमागचा प्रश्न

मुलांनो, आज एकच स्लाइड घेतो, फिजिऑलॉजीतली ऑक्सिजन-हिमोग्लोबिन वक्राची. एस आकाराची रेघ, खाली चार शब्द: तापमान, कार्बन डायऑक्साइड, आम्लता, डीपीजी. शेजारी ‘वाढले की उजवीकडे’ असा बाण. चार वेळा वाचलं की पाठ झालंसं वाटतं. मग व्हायवात सर विचारतात, “उजवीकडे सरकला म्हणजे काय झालं?” आणि आपण परत तेच चार शब्द म्हणून दाखवतो. सरांना कारणं नको असतात, अर्थ हवा असतो.

म्हणून स्लाइडवरून प्रश्नांची कार्डं करा आणि कारणांचा प्रश्न शेवटी ठेवा. पहिलं कार्ड: “वक्र उजवीकडे गेला की हिमोग्लोबिनच्या पकडीचं काय होतं?” सैल होते. ऑक्सिजनच्या तेवढ्याच दाबाला ते कमी ऑक्सिजन धरतं, बाकीचा पेशींना सोडतं. दुसरं: “मग पी-५० चं काय होतं?” इथं बहुतेक जण घसरतात. पकड सैल, म्हणजे आकडाही कमी, असं वाटतं. खरं उलट आहे. निम्मं हिमोग्लोबिन भरायला लागणारा दाब म्हणजे पी-५०, एरवी साधारण २७ मिलिमीटर पारा. पकड सैल झाली की दाब जास्त लागतो, आकडा वाढतो. तिसरं: “खानापूरच्या स्टँडवर पळत जाऊन एसटी धरलीस, तेव्हा मांडीच्या स्नायूत काय घडलं?” आता ते चार शब्द आपोआप येतात: स्नायू तापला, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता वाढली, ऑक्सिजन सुटला. डीपीजी मात्र इतक्या लगेच वाढत नाही, ते वेगळं सांगायचं.

कार्डाच्या मागं उत्तराबरोबर नेहमीची चूकही लिहा. कार्डावरचे प्रश्न विचारणाऱ्या जोडीदाराला विषय येत नसला तरी ‘पी-५० कमी होतो’ हे कानावर पडलं की त्याला चूक ओळखता येते. त्यानं मध्ये बोलायचं नाही. उत्तर संपलं की एकदाच “का?” विचारायचं.

आपली गोष्ट जरा वेगळी. दहावी मराठीतून, व्हायवा इंग्रजीत. माझा पहिला जोडीदार बेळगावचाच. मी अडकलो की तो “तेच की रे!” म्हणून वाक्य स्वतःच पुरं करायचा आणि आम्ही दोघं खूश. नंतर गोकाकचा, घरी कन्नड बोलणारा मिळाला. त्याच्यापुढं मराठीत निसटायची सोयच नव्हती. ‘का’चं उत्तर आधी मनात मराठीत जुळवायचं, मग इंग्रजीत मोठ्यानं म्हणायचं. जिथं जीभ अडखळली, ते वाक्य कार्डावर लहान करून पुन्हा लिहायचं.

एक गोष्ट मात्र तोंडानं होत नाही. सर कागद पुढं सरकवून “काढून दाखव” म्हणतात. आडव्या रेघेवर ऑक्सिजनचा दाब, उभीवर हिमोग्लोबिन किती टक्के भरलं ते. मी उत्तर घडाघडा दिलं होतं आणि अक्ष उलटे काढले होते.