अडकलेली कडी: दवाखान्यात पोहोचण्याआधी काय करायचं

मंडळी, आज लिंगावर काही घट्ट अडकण्याबद्दल बोलायचं आहे. अंगठी, नट, बेअरिंगची रिंग, रबर, पँटची चेन. असा पेशंट लाजेपायी उशिरा येतो आणि तेवढ्यात साधं काम अवघड होऊन बसतं.

आपल्या भागातल्याच एका ट्रॅक्टर गॅरेजवाल्याचं सांगतो. तिशीतला, लग्न झालेला. रात्री दहाला त्यानं बेअरिंगची आतली रिंग घातली. बारापर्यंत ती निघेना. तेल लावलं, साबण लावला, मग ओढलं. ओढल्यानं सूज वाढली. पहाटे एका मित्राला बोलावलं. त्यानं लोखंड कापायची करवत चालवली, पण बेअरिंगचं पोलाद कडक, करवत त्यावरून घसरली आणि कातड्यात गेली. आमच्याकडे आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. सोळा तास. पुढचा भाग जांभळा, गार पडलेला, बोट लावलं तर कळत नव्हतं.

हे होतं कसं? वाफ्यात मोटरीचं पाणी येत राहिलं आणि बाहेर जायचा दांड बुजला तर वाफा तुंबतो, तसंच. रक्त परत नेणाऱ्या शिरा आधी दबतात. आत आणणाऱ्या धमन्यांचा जोर जास्त असतो, त्या चालूच राहतात. सूज वाढते, सुजेनं रिंग आणखी आवळते आणि शेवटी धमनीही बंद पडते. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात जे सहज निघतं, ते नंतर निघत नाही.

आता घरी काय करायचं ते. रिंग नुकतीच अडकली असेल, पुढच्या भागाला स्पर्श कळत असेल, रंग फार बदललेला नसेल, तर एक प्रयत्न करा, एकच. उताणं झोपा, कंबरेखाली उशी घ्या. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरा. बर्फ थेट कातड्यावर ठेवायचा नाही. मग खोबरेल तेल लावा, मूठ हलकी मिटून शेंड्याकडून रिंगेकडे सावकाश दाबत सूज मागं सारा आणि रिंग हळूच पुढं सरकते का पाहा. पाच-दहा मिनिटांत सरकली नाही तर थांबा आणि निघा. ओढायचं नाही, गरम पाणी नको, सुई टोचायची नाही, घरी करवत किंवा ग्राइंडर लावायचा नाही. रबर किंवा दोरा कातड्यापासून सुटा दिसत असेल तरच बोथट टोकाच्या कात्रीनं कापा. कातड्यात रुतला असेल तर हात लावू नका.

स्पर्श कळत नसेल, रंग निळा-काळा पडला असेल, भाग गार असेल किंवा लघवी होत नसेल, तर हा एक प्रयत्नही करू नका. सरळ 108 ला फोन करा, नाहीतर गाडी काढा. जिल्हा रुग्णालय गाठा, किंवा अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर यांपैकी जवळचं मेडिकल कॉलेज. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत काही खाऊ-पिऊ नका.

निघताना तसलीच दुसरी रिंग मिळाली तर सोबत आणा. हा गॅरेजवाला म्हणाला, ‘‘डॉक्टर, 6206 ची आतली रिंग आहे.’’ त्या एका आकड्यानं आमचं काम झालं. बोटातली अंगठी कापायचा आमचा छोटा कटर या पोलादावर चालणार नाही, हे लगेच कळलं. आम्ही भूल देऊन, रिंगेखाली धातूची पातळ पट्टी सरकवून, सलाइनची धार सोडत छोट्या ग्राइंडरनं ती समोरासमोर दोन ठिकाणी कापली. धार सोडावीच लागते, कारण तापलेली रिंग कातडं भाजते. लघवी अडली होती, ती पोटावरून नळी घालून काढली. हे घरच्या अंगणात होणारं काम नाही. त्याचं कातडं वाचलं, पण शेंड्याची जाणीव परत यायला दोन महिने लागले. काहींचं कातडं सडतं, काहींच्या मूत्रनलिकेला भोक पडतं.

चेनचा प्रकार वेगळा आहे आणि लेकरांत तो जास्त दिसतो. कातडं दातांत अडकलं की आई घाबरून चेन मागं ओढते आणि आणखी कातडं अडकतं. चेन कुठल्याच बाजूला ओढू नका. तेल सोडा, चेनभोवतीची पँट कापून बाजूला करा, लेकराला उचला आणि या. चेनच्या घोडीच्या दोन पट्ट्यांना जोडणारा बारका दांडा आम्ही वायर कटरनं तोडतो, की चेन आपोआप सुटते.

अपघात विभागात गेल्यावर कागद करणाऱ्याला सगळी हकिकत सांगत बसू नका. तिथं एवढंच म्हणा: ‘‘लघवीच्या जागी रिंग अडकली आहे, रात्री दहापासून. स्पर्श कळत नाही.’’ कशी घातली ते विचारल्यावर डॉक्टरांना सांगा. ताठरपणाची गोळी किंवा रक्त पातळ करायची गोळी घेतली असेल तर मात्र न विचारता सांगा, तिच्यावर आमचा निर्णय ठरतो.