भिंतीखालचा चोखोबा

श्रोतेहो, नमस्कार. भक्तिसाहित्याच्या पेपरात 'अभंगाचा सामाजिक संदर्भ स्पष्ट करा' असा प्रश्न आला की मुलं पानभर यादवकाळ लिहितात आणि मग अभंगाकडे वळतात. दोघांची गाठ पडतच नाही. ती कुठे पडते, ते सांगायला मला एक गोष्ट फार आवडते.

मंगळवेढ्याला गावकुसाचं काम निघालं. ते महारांच्या वेठीतलं, म्हणून संत चोखामेळ्यांना, आपल्या चोखोबांनाही जावं लागलं. भिंत बांधता बांधता कोसळली आणि माणसं खाली गाडली गेली. परंपरा हे साल 1338 सांगते. पंढरपुराहून नामदेव आले. ढिगाऱ्यात हाडंच हाडं, चोखोबांची कोणती? नामदेव एकेक हाड कानाशी धरू लागले. ज्यातून विठ्ठल, विठ्ठल ऐकू आलं, ती चोखोबांची. ती त्यांनी पंढरीला आणली आणि महाद्वारासमोर समाधी झाली.

कीर्तनात आपण हाडांपाशी डोळे पुसतो. मी मात्र भिंतीपाशी थांबतो. ज्यांची घरं गावकुसाबाहेर, तेच गावकूस बांधत होते! हाडं बोलली हा श्रद्धेचा भाग. पण वेठ का, हे गोष्ट सांगणाऱ्यांना समजावून द्यावंसं वाटलं नाही, कारण ऐकणाऱ्यांना ते रोजचंच होतं. पुन्हा सांगतो, गोष्टीत जे समजावून न देताच सांगितलं जातं, तिथे समाज सापडतो. आणि समाधी झाली तीही दाराबाहेरच. ते दार दलितांना उघडलं 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

आता अभंग ऐका. 'जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार, बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो.' जोहार हा महाराने गावाला घालायचा नमस्कार, आणि उष्टं हा त्याच्या गावकामाचा मोबदला. चोखोबा देवाच्या दारीही त्याच नमस्काराने उभे राहतात. (आमच्या दादरच्या सभागृहांत याच 'उष्ट्यासाठी'वर तीनदा घोळवून तिहाई घेतात आणि टाळ्या पडतात. मला ते ऐकवत नाही. असो.)

सुमारे दोन शतकांनी पैठणच्या एकनाथांनीही जोहार लिहिले. ते ब्राह्मण होते. त्यांच्या भारुडातला महार हे सोंग आहे, तो देहाच्या गावाचा कारभार सांगतो. नमस्कार तोच, पण एकाला तो रोज घालावा लागे, दुसऱ्याने तो रूपक म्हणून उचलला. दोघांना 'समतेचा संदेश' म्हणून एका परिच्छेदात कोंबलं, की उत्तर फसलं.

एक सांभाळा. चोखोबांचे अभंग अनंतभट्टाने लिहून घेतले, असं परंपरा सांगते. म्हणजे आपल्या हाती आलेला शब्द दुसऱ्याच्या लेखणीतून आणि पुढे गाणाऱ्यांच्या तोंडून आला आहे. म्हणून एखाद्या ओळीवरून चौदाव्या शतकातल्या मंगळवेढ्याचा पंचनामा करू नका. उत्तर लिहिताना आधी बोलणारा कोण ते लिहा, मग तो कोणत्या दारात उभा आहे ते लिहा. यादवकाळाला दोन ओळी पुरतात.