दार उघडं, पण ओढ शून्य

चेतापेशीतलं विद्युत स्पंदन कसं धावतं आणि पुढच्या पेशीत कसं पोचतं, याची फळ्यावर लिहिलेली साखळी तुम्हाला पाठ असेल. सोडियम आत, व्होल्टेज वर. पोटॅशियम बाहेर, व्होल्टेज खाली. तंतूच्या टोकाशी कॅल्शियम आत, मग रसायन बाहेर. आणि पलीकडच्या पेशीत पुन्हा सोडियम आत. या साखळीत चूक काही नाही. पण उत्तरपत्रिका तपासताना मला दिसतं, की मुलं ती बादल्या भरण्या-उपसण्यासारखी समजतात. ‘आत सोडियम भरला म्हणून प्रवाह थांबला, मग पंपाने तो बाहेर काढला आणि व्होल्टेज खाली आलं.’ या वाक्यातली दोन्ही कारणं चुकीची आहेत.

हिशेब करून पाहू. स्क्विड या समुद्री प्राण्याचा महाकाय अक्षतंतू, म्हणजे चेतापेशीचा स्पंदन वाहून नेणारा लांब धागा घ्या, अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्याचा एक सेंटिमीटर तुकडा. व्होल्टेज उणे ६० मिलिव्होल्टपासून अधिक ४० पर्यंत, म्हणजे १०० मिलिव्होल्ट चढवायचं आहे. पेशीपटल पातळ कपॅसिटरसारखं वागतं आणि त्याची धारिता दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक मायक्रोफॅरड असते. तेव्हा एवढ्या तुकड्यासाठी सुमारे १०० अब्ज सोडियम आयन आत यावे लागतात. आकडा मोठा वाटतो, पण त्याच तुकड्यात पोटॅशियमचे आयन याच्या जवळपास सत्तेचाळीस लाख पट आहेत. सोडियम आणि पोटॅशियमचे प्रवाह काही काळ एकाच वेळी चालतात, म्हणून प्रत्यक्षात तीन-चार पट आयन खर्च होतात. तरीही आतलं मिश्रण बदललं असं म्हणण्यासारखं काही घडत नाही.

मग सोडियम का थांबतो? शिखराशी पोचेपर्यंत त्याला आत ओढणारा जोर कमी झालेला असतो, कारण सोडियमचं समतोल व्होल्टेज, म्हणजे जिथे त्याची ओढ शून्य होते ते, अधिक ५५ च्या आसपास आहे. शिवाय पेशीपटलात प्रत्येक आयनाची वेगळी दारं असतात, आणि सोडियमची दारं उघडल्यावर एक-दोन मिलिसेकंदांत आपोआप मिटतात. हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२ साली हे मिटणं वेगळं मोजून दाखवलं. तोवर पोटॅशियमची दारं सावकाश उघडलेली असतात आणि व्होल्टेज खाली आणण्याचं काम तीच करतात. पंपाचा त्या क्षणाशी संबंध नाही. पंप बंद पाडला तरी असा जाड तंतू हजारो स्पंदनं देत राहतो. पंप फक्त दीर्घकाळाची थकबाकी फेडत असतो.

म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. कोणतं दार उघडं आहे? आणि त्या आयनाला आत्ता या व्होल्टेजला ओढ किती आहे? माझ्या मते सगळा विषय या दोन प्रश्नांत आहे, आणि त्याची खरी कसोटी लागते ती सिनॅप्सपाशी, म्हणजे एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीला रसायनाने निरोप देतो त्या जोडापाशी.

काट्झ आणि मिलेडी यांनी १९६०च्या दशकात स्क्विडच्याच महाकाय सिनॅप्सवर एक प्रयोग केला. टेट्रोडोटॉक्सिन या विषाने त्यांनी सोडियमची दारं बंद केली. स्पंदन थांबलं. मग इलेक्ट्रोडने तंतूच्या टोकाचं व्होल्टेज हातानं चढवलं, तर रसायन बाहेर पडलं आणि पलीकडच्या पेशीत उत्तर उमटलं. म्हणजे रसायन सोडायला सोडियम लागत नाही. त्याचं काम फक्त व्होल्टेज तिथवर आणून देण्याचं; कॅल्शियमची दारं त्या व्होल्टेजने उघडतात.

त्यांनी व्होल्टेज आणखी चढवलं, पार टोकापर्यंत. इथे तुम्ही काय अपेक्षा कराल? दारं पूर्ण उघडी, म्हणून उत्तर सगळ्यात मोठं? व्होल्टेज वर असेपर्यंत उत्तर जवळजवळ नाहीसं झालं, आणि ते खाली सोडताच लगेच उमटलं. मला हा प्रयोग अतिशय सुंदर वाटतो. कॅल्शियम बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पटींहून अधिक आहे, तरी आतली बाजू पुरेशी धन झाली की ती त्याला थोपवून धरते. दारं उघडी, पण ओढ शून्य. व्होल्टेज उतरलं की ओढ परत येते, दारं मात्र मिटायला क्षणभर घेतात, आणि त्या फटीत कॅल्शियम आत शिरतो.

खऱ्या स्पंदनातही बहुतांश कॅल्शियम शिखरावर नाही, तर उतरणीवर आत येतो. म्हणजे पोटॅशियम बाहेर जाऊन व्होल्टेज उतरवतो, तेव्हाच कॅल्शियमला वाट मिळते. फळ्यावर एकापुढे एक लिहिलेले दोन टप्पे प्रत्यक्षात एकमेकांवर पडलेले आहेत. पोटॅशियमची दारं औषधाने अडवली की स्पंदन लांबतं, कॅल्शियम जास्त शिरतो आणि पलीकडचं उत्तर वाढतं, त्याचं कारण हेच.

शेवटची ओळही जरा दुरुस्त करू. पलीकडच्या पेशीत ग्लुटामेट किंवा असिटिलकोलीन ही रसायनं जी दारं उघडतात, त्यांतून सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही जातात. विश्रांतीच्या व्होल्टेजला सोडियमची ओढ खूप जास्त असते, म्हणून आत येणारा प्रवाह जिंकतो. तीच पेशी शून्य मिलिव्होल्टच्या आसपास धरून ठेवा: दारं उघडतील, पण दोन्ही प्रवाह एकमेकांना खोडतील आणि निव्वळ काहीच दिसणार नाही.

या दोन टोकांच्या मधे मात्र आयनांची साखळी पुरी पडत नाही. कॅल्शियम आत आल्यावर तंतूच्या टोकातली रसायनाने भरलेली पुटकुळी पटलाला चिकटून फुटते, ते काम प्रथिनांचं आहे आणि ते दर वेळी होतंच असं नाही. मेंदूतल्या कित्येक सिनॅप्सवर स्पंदन येतं, कॅल्शियम शिरतो आणि तरीही एकही पुटकुळी फुटत नाही. पुढच्या स्पंदनाला तीच जागा उत्तर देऊ शकते.