कायद्यातली कोकणी आणि वर्गातली कोकणी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भाषानियोजन म्हटलं की आपल्याला राजभाषेचा कायदा आठवतो, नाहीतर दुकानांच्या पाट्या. भाषेला कुठे कोणतं स्थान द्यायचं, कचेरीत, विधिमंडळात, न्यायालयात, शाळेत, हे ठरवणं म्हणजे दर्जानियोजन. पण भाषेचं आणखी एक काम असतं आणि त्याचा मोर्चा कधी निघत नाही. लिपी कोणती, शुद्धलेखन कसं, अनेक बोलींतली कोणती पुस्तकात छापायची, गणिताला आणि विज्ञानाला शब्द कुठून आणायचे, ही सगळी खुद्द भाषेच्या घडणीची कामं. त्याला मी घडणनियोजन म्हणतो. हा भेद हाइन्झ क्लॉस या जर्मन अभ्यासकाने 1969 मध्ये नेमका मांडला. त्याचा उपयोग असा की दर्जाचं काम एका मतदानात होऊ शकतं आणि घडणीच्या कामाला पिढी लागते. पहिलं झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही.

महाराष्ट्रात या दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी हातात हात घालून झाल्या. राज्य झालं त्याच वर्षी, 1960 मध्ये, भाषा संचालनालय उभं राहिलं. पदनाम कोश 1962 मध्ये आला आणि राजभाषा अधिनियम 1964 चा. म्हणजे हुद्द्यांना मराठी नावं आधी, कायदा नंतर. त्या नावांवर टीका खूप झाली, पण कारकुनाच्या टेबलावर काहीतरी होतं. आज मी तुम्हाला शेजारचं उदाहरण सांगणार आहे, जिथे हा क्रम उलटा पडला आणि त्याची किंमत पहिलीच्या वर्गातल्या मुलांनी मोजली. गोव्याचं. त्यात मराठीही गुंतलेली आहे, त्यामुळे आपण तिथे निव्वळ प्रेक्षक नाही.

गोव्यातला भाषेचा झगडा पहिल्यापासून दर्जाचा होता. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा त्याचा गाभा. 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं नाही असा निकाल लागला. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. मग आंदोलन पेटलं, 1986 च्या डिसेंबरात माणसं मेली, आणि फेब्रुवारी 1987 मध्ये राजभाषा कायदा झाला. कोकणी राजभाषा, आणि मराठीचाही शासकीय कामांसाठी वापर करता येईल अशी तरतूद. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा घटक राज्य झालं, आणि 1992 मध्ये कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. दर्जाच्या बाजूने पाहिलं तर हा फार मोठा विजय आहे. इतक्या छोट्या भाषेला इतक्या थोड्या वर्षांत असं यश क्वचित मिळतं.

आता त्या कायद्यातली व्याख्या वाचा. कोकणी भाषा म्हणजे देवनागरी लिपीतली कोकणी. एवढ्या एका ओळीत घडणनियोजनाचा सर्वांत अवघड निर्णय उरकला गेला. कोकणी तेव्हा अनेक लिपींत लिहिली जात होती आणि आजही जाते. गोव्यात देवनागरी आणि रोमन, मंगळुरूकडे कन्नड, केरळात मल्याळम, भटकळच्या नवायतांमध्ये अरबी वळणाची लिपी. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाची लिहिण्यावाचण्याची कोकणी रोमन लिपीतली. तिला तिथे रोमी म्हणतात. सतराव्या शतकापासून तीत धार्मिक पुस्तकं छापली गेली. 1892 मध्ये मुंबईत जन्मलेल्या तियात्राच्या, म्हणजे कोकणी संगीतनाट्याच्या, संहिता, गावोगावी वाचली जाणारी साप्ताहिकं, चर्चमधली प्रार्थनेची पुस्तकं, सगळं रोमीत. आणि राजभाषेच्या आंदोलनात रस्त्यावर उतरलेल्यांत हीच माणसं फार मोठ्या संख्येने होती. ज्यांनी भाषेसाठी मार खाल्ला, त्यांची लिपी कायद्याच्या बाहेर राहिली. हा अन्याय आहे असं मी उघड म्हणतो. देवनागरीची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद मला समजतो, एक लिपी असली की साहित्य एकवटतं, भारतीय भाषांशी नातं दिसतं, मराठी येणाऱ्याला वाचायला सोपं जातं. पण तो युक्तिवाद वर्गापर्यंत पोचला की काय होतं ते पाहू.

रोमीची वर्णव्यवस्था पोर्तुगीज वळणाची आहे. ‘घर’ हा शब्द तीत ghor असा लिहितात, कारण गोव्यात तो अ तसा गोलसर उच्चारला जातो आणि रोमीने ऐकू येईल ते लिहिलं. देवनागरीत लिहिताना ‘घर’ असंच लिहितात आणि उच्चार वाचणाऱ्यावर सोडतात. ‘बरें’ हे borem असं लिहितात. त्यातला शेवटचा m उच्चारायचा नसतो, तो अनुनासिकाची खूण आहे. ‘श’साठी x, ‘ण’साठी nn. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी सुसंगत आहेत. पण ज्या आईने आयुष्यभर borem असंच वाचलं, तिच्या मुलाच्या वहीत ‘बरें’ आलं की तिला तो अभ्यास घेता येत नाही. त्यात पुस्तकी प्रमाण कोकणी मुख्यतः अंत्रुज, म्हणजे फोंड्याकडच्या बोलीवर उभी, आणि तिचे नवे शब्द संस्कृताकडून आलेले. दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातलं मूल घरी शाळेला ‘इस्कोल’ म्हणतं. मातृभाषेतून शिक्षण म्हणून जे पुस्तक त्याच्या हातात पडतं, ते त्याच्या आईला ना वाचता येतं, ना ओळखीचं वाटतं.

हे सगळं 1990 मध्ये एकदम समोर आलं. त्या वर्षी सरकारने ठरवलं की प्राथमिक शाळांना अनुदान हवं असेल तर माध्यम भारतीय भाषेचं, प्रत्यक्षात कोकणी किंवा मराठी, असलं पाहिजे. शशिकला काकोडकर तेव्हा शिक्षणमंत्री होत्या. हेतू शास्त्रशुद्ध होता. पहिली चार वर्षं मूल घरच्या भाषेत शिकलं तर वाचन आणि गणित पक्कं होतं, हे शिक्षणशास्त्र सांगतं आणि ते खरं आहे. चर्चच्या संस्थांच्या शाळा तोवर इंग्रजीत चालत होत्या. अनुदानाशिवाय त्या चालणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी कोकणी माध्यम स्वीकारलं. पण पुस्तकं देवनागरीत, आणि पाचवीपासून पुढे माध्यम पुन्हा इंग्रजी.

आता पालकाच्या जागी बसून हिशेब करा. चार वर्षं एका लिपीत, घरी दुसरी लिपी, पाचवीत दुसरीच भाषा आणि तिसरं वर्णलेखन. पाचवीच्या शिक्षकाला इंग्रजी येणारं मूल हवं असतं. चौथीपर्यंत इंग्रजी विषय म्हणून किती आणि कसं शिकवायचं, पाचवीच्या पहिल्या सहामाहीत दोन्ही भाषांत समजावून सांगायचं का, गणिताच्या कोकणी परिभाषेशेजारी इंग्रजी शब्द कधीपासून द्यायचे, ही पुलाची कामं करायला हवी होती. त्यांच्याकडे लक्षच गेलं नाही, कारण भांडण माध्यमाच्या नावाचं होतं. रॉबर्ट कूपरने 1989 मध्ये भाषानियोजनाचा तिसरा प्रकार मांडला, संपादननियोजन, म्हणजे लोकांनी ती भाषा प्रत्यक्षात कमवायची कशी याची आखणी. गोव्यात नेमकं तेच राहून गेलं.

मराठीची गोष्ट याच्या उलट आहे, आणि ती आपण प्रांजळपणे सांगितली पाहिजे. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे 66 टक्के लोकांनी मातृभाषा कोकणी सांगितली, सुमारे 11 टक्क्यांनी मराठी. तरीही सरकारी प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाच्या शाळा कोकणीपेक्षा कितीतरी जास्त आहेत. याचं कारण हिंदू घरांमधली परंपरा तर आहेच. भजन, कीर्तन, वर्तमानपत्र मराठीत. पण त्याशिवाय मराठीची घडण तयार होती. पाठ्यपुस्तकं, शब्दकोश, शिकवलेले शिक्षक, गोष्टींची पुस्तकं, सगळं हाताशी. कायद्याने कोकणीला पहिला मान दिला, तरी घरी कोकणी बोलणारी आई मुलाला मराठी शाळेत घालते, आणि तिचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. कोकणीचे काही कार्यकर्ते याला मराठीचं आक्रमण म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. आक्रमण परतवून पुस्तकं तयार होत नाहीत.

पुढचं तुम्हाला वर्तमानपत्रांतून आठवत असेल. 2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचं ठरवलं. विरोधात भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. त्यात कोकणीवाले आणि मराठीवाले एकत्र आले, ही मोठी गोष्ट होती. 1990 चा निर्णय घेणाऱ्या शशिकलाताईही या बाजूला होत्या. 2012 मध्ये सरकार बदललं, पण मनोहर पर्रीकरांनी चर्चच्या इंग्रजी शाळांचं चालू अनुदान काढलं नाही. 2016 मध्ये याच प्रश्नावर सुभाष वेलिंगकर संघाच्या पदावरून दूर झाले, नवा पक्ष निघाला, आणि 2017 च्या निवडणुकीत त्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही. मातृभाषेवर प्रेम असलेल्या मतदारानेही मुलाच्या शाळेच्या बाबतीत वेगळा विचार केला, असं मी या निकालातून वाचतो.

दरम्यान सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे 2014 मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात निकाल दिला, की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतच घ्या अशी सक्ती राज्याला करता येणार नाही, आणि मुलाची मातृभाषा कोणती हे पालकच ठरवतील. म्हणजे सक्तीचा हुकूम राज्याच्या हातून गेला. उरलं अनुदान. आणि अनुदानाची छडी गरीब शाळेलाच लागते. ज्या पालकाला पैसे आहेत तो विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जातो. म्हणून नुसती छडी उगारणाऱ्या धोरणाने मातृभाषेची शाळा ही नाइलाजाची शाळा होते. माझ्या मते भाषेचं याहून मोठं नुकसान कुठलाच विरोधक करू शकत नाही.

इथे बरेच शिक्षक बसले आहेत, म्हणून साष्टीतल्या पहिलीच्या वर्गासाठी मला काय योग्य वाटतं ते सांगतो. पहिलं वर्ष बोलण्याचं, आणि मुलाच्या बोलीत. इस्कोल म्हणाला तर इस्कोल. पहिल्या वाचनमालेत डाव्या पानावर ghor आणि उजव्या पानावर ‘घर’, म्हणजे आईला डावं पान वाचता येईल आणि मूल उजवं शिकेल. परीक्षा कोणत्याही एका लिपीत द्यायची मुभा. गणिताचे शब्द तिसरीपासून इंग्रजीसह. यासाठी 1987 च्या कायद्यातली व्याख्या बदलावी लागेल असं रोमीवाले म्हणतात, आणि दर्जाच्या दृष्टीने त्यांची मागणी रास्त आहे. पण दुपानी पुस्तक काढायला कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. त्याला लागतो दोन्ही लिपी जाणणारा संपादक, दोन्ही बोलींचे दोन-तीन शिक्षक, आणि पुस्तक वर्गात वापरून पाहायला एक पूर्ण वर्ष.