अबोली, निळाई आणि मनातल्या मनात उच्चारलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अबोलीचे वळेसर घेताना माझ्यासोबत पुण्याहून आलेला भाचा होता. मी ज्या रंगाला अबोली म्हणत होते, त्याला तो सहजपणे ‘फिकट केशरी’ म्हणाला. फूल आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच होते. माझ्याजवळ त्या रंगासाठी वेगळा शब्द आहे म्हणून मला तो रंग केशरीपासून अधिक वेगळा दिसतो का, असा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला आहे. आजच्या भाषणात त्याच प्रश्नामागचा पुरावा तुमच्यासमोर मांडणार आहे.

भाषा विचाराला वळण देते, हे मत अमेरिकन भाषा-अभ्यासक बेंजामिन ली व्हॉर्फ यांच्या नावाने ओळखले जाते. रंगांच्या बाबतीत त्याचे एक भडक रूप लोकप्रिय आहे, ते असे की ज्या रंगाला शब्द नाही तो रंग माणसाला दिसतच नाही. हे खरे नाही. पोपटी आणि हिरवा यांना एकच शब्द वापरणारा माणूसही दोन कापडे शेजारी ठेवली की त्यांतला फरक दाखवतो. खरा प्रश्न याहून बारीक आहे. दोन छटा अगदी जवळच्या असतील, तर त्यांच्यामधून आपल्या भाषेच्या शब्दांची सीमा गेल्याने त्या ओळखणे सोपे होते का? आणि तसे होत असेल, तर ते शब्दामुळेच होते हे कशावरून ठरवायचे?

यासाठी रशियन भाषेचे उदाहरण फार सोयीचे आहे. आपण शाळेत ‘ता ना पि हि नि पा जा’ असे घोकून इंद्रधनुष्य पाठ केले. त्यात निळा आहे, आणि जो रोजच्या बोलण्यात क्वचितच येतो असा पारवाही आहे. रशियन मुलाच्या पाठांतरात हिरव्यानंतर ‘गलुबोय’ म्हणजे फिकट निळा येतो आणि त्यानंतर ‘सीनिय’ म्हणजे गडद निळा. आपला आकाशी हा निळ्याचाच एक प्रकार आहे, म्हणूनच ‘आकाशी निळा’ हा शब्दप्रयोग आपल्याला खटकत नाही. गलुबोय मात्र सीनियचा प्रकार नव्हे. रशियन माणसाच्या लेखी ते आपल्या हिरव्या-निळ्यासारखे दोन स्वतंत्र रंग आहेत. इंग्रजी भाषकाकडे या दोन्हींसाठी मूळ शब्द एकच आहे.

जोनाथन विनावर, लेरा बोरोडित्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग याच फरकावर उभा आहे. त्यांनी फिकटापासून गडदापर्यंत निळ्याच्या वीस छटा घेतल्या. पडद्यावर एका वेळी तीन चौकोन दिसत, एक वर आणि दोन खाली. खालच्या दोहोंपैकी एक वरच्याशी तंतोतंत जुळणारा असे, आणि तो कोणता हे शक्य तितक्या लवकर कळ दाबून सांगायचे. उत्तर समोरच असल्यामुळे स्मरणाचा भाग इथे जवळजवळ उरत नाही. मोजला जातो तो फक्त वेळ. सीमा कुठे आहे हे संशोधकांनी स्वतः ठरवले नाही. प्रत्येकाला शेवटी सगळ्या छटा दाखवून ‘हा गलुबोय की सीनिय’ असे विचारले आणि ज्याची त्याची सीमा ज्याच्या त्याच्या उत्तरांवरून धरली.

निष्कर्ष असा निघाला की दोन छटा सीमेच्या दोन बाजूंना असल्या, तर रशियन भाषक अधिक लवकर उत्तर देत. हा लाभ सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका होता, आणि छटा एकमेकींच्या जितक्या जवळ तितका तो ठळक होत असे. इंग्रजी भाषकांमध्ये असा लाभ आढळला नाही.

परंतु एवढ्यावरून शब्दाला श्रेय देता येत नाही. रशियन लोकांचे डोळेच लहानपणापासून त्या सीमेला सरावलेले असतील, असेही कोणी म्हणू शकेल. म्हणून प्रयोगात आणखी एक टप्पा होता, आणि माझ्या मते या संशोधनाचे सारे मोल त्याच टप्प्यात आहे. चौकोन ओळखत असतानाच सहभागींना आठ आकडी संख्या मनात घोकत राहायला सांगितले. अशा वेळी मनातला आवाज गुंतलेला असतो. त्याला दुसरे नाव घ्यायला उसंत नसते. आणि रशियन भाषकांचा तो लाभ नाहीसा झाला. हा केवळ जास्तीच्या कामाचा ताण नसेल कशावरून? ते तपासण्यासाठी संख्येऐवजी काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक आकृती लक्षात ठेवायला दिली. ताण तसाच, पण शब्दांशी संबंध नाही. तेव्हा लाभ टिकून राहिला.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. शब्दाने डोळ्यावर कायमची रंगीत काच बसवली असती, तर संख्या घोकल्याने ती काच उतरली नसती. शब्द निर्णयाच्या क्षणी, न बोलावता, मदतीला येतो असे दिसते. दोन छटांची नावे वेगळी निघाली की डोळ्याच्या निवाड्याला दुजोरा मिळतो. नाव एकच निघाले तर डोळ्याला एकट्यानेच काम करावे लागते.

याच दिशेचा एक जुना पुरावा मला विशेष आवडतो, कारण त्यात यंत्र जवळजवळ नाहीच. पॉल के आणि विलेट केम्प्टन यांनी १९८४ साली इंग्रजी भाषकांची तुलना मेक्सिकोतील ताराहुमारा भाषकांशी केली. ताराहुमारा भाषेत हिरवा आणि निळा या दोन्हींसाठी एकच मूळ शब्द आहे. हिरव्यापासून निळ्यापर्यंतच्या तीन चकत्या समोर ठेवून सर्वांत वेगळी कोणती, असे विचारले. इंग्रजी भाषक शब्दांच्या सीमेपलीकडची चकती प्रत्यक्षात असते त्याहून दूरची मानत. ताराहुमारा भाषक तसे करत नसत. मग इंग्रजी भाषकांना त्याच चकत्या सरकत्या झाकणाखाली ठेवून एका वेळी दोनच दाखवल्या. पहिल्या जोडीतला हिरवेपणाचा फरक मोठा की दुसऱ्या जोडीतला निळेपणाचा, असे विचारले. मधली चकती दोन्ही जोड्यांत असल्याने तिला हिरवी आणि निळी अशी दोन्ही नावे मिळाली आणि नावाचा आधार निरुपयोगी झाला. मग इंग्रजी भाषकांचा तो कलही गेला.

या पुराव्याच्या मर्यादाही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हव्यात. गलुबोय आणि सीनिय यांच्यात केवळ रंगाचा नव्हे, उजळपणाचाही फरक आहे. पडद्याच्या मापाने सारख्या अंतरावर असणाऱ्या छटा डोळ्यालाही सारख्याच अंतरावर वाटतात, असे गृहीत धरता येत नाही. आणि डोळ्याच्या दृष्टीने एखादी पायरी जरा मोठी झाली, तर तिथे मिळालेला वेग भाषेचा आहे असा भास होऊ शकतो. २०२० साली यास्ना मार्टिनोविक आणि सहकाऱ्यांनी रशियन निळ्यांवरच पुन्हा काम करून, भाषेचा हा प्रभाव किती मर्यादित आहे हे दाखवले. हिरव्या-निळ्याच्या सीमेचा परिणाम मुख्यतः उजवीकडच्या दृष्टिक्षेत्रात दिसतो, हा २००६ चा गाजलेला निष्कर्षही नंतरच्या काही प्रयोगशाळांना पुन्हा मिळाला नाही. म्हणून माझे मत असे आहे की शब्दाचा हातभार असतो, पण तो छोटा, क्षणिक आणि कामानुसार बदलणारा असतो.

आता पुन्हा अबोलीकडे येते. आपल्या घरांत कोकणी आणि मराठी दोन्ही नांदतात. हिरव्याला ‘पाचवो’ आणि पिवळ्याला ‘हळदुवो’ म्हणणारे घर कागदावर हिरवा आणि पिवळा लिहिते. या जोड्यांत नाव बदलते, रंगाची हद्द मात्र साधारण तीच राहते; म्हणून त्या आपल्या प्रश्नाच्या फारशा कामाच्या नाहीत. अबोलीचे तसे नाही. ती चाचणीस बसवायची, तर आधी ज्याच्या त्याच्याकडून अबोली कुठे संपते आणि केशरी कुठे सुरू होते हे विचारून घ्यावे लागेल. छटांचा उजळपणा सारखा राखावा लागेल आणि त्यांच्यातील पायऱ्या डोळ्याच्या मापाने समान कराव्या लागतील. माझ्यासारखी माणसे सीमेपलीकडच्या छटा भाच्यापेक्षा लवकर ओळखू लागली, आठ आकडे घोकताना तो वेग गेला आणि चौकटींची आकृती लक्षात ठेवताना टिकला, तरच तो वेग ‘अबोली’ या शब्दाचा आहे असे मी म्हणेन. आकडे घोकतानाही तो टिकून राहिला, तर मात्र वळेसर ओवण्यात गेलेल्या वर्षांनी आमचे डोळेच तयार केले असतील, या शक्यतेकडे मला वळावे लागेल.